अर्धा काळा पडदा आणि एक चकाकती आडवी रेष: टीव्ही उघडायचा की नाही?

मावशीचा ४३ इंची टीव्ही एका संध्याकाळी अर्धा गेला. डावीकडे बातम्या देणारी बाई ठणठणीत, आणि पडद्याच्या बरोब्बर मधोमध पट्टीने आखल्यासारखी उभी कड. त्या कडेच्या उजवीकडे सगळं काळं. आवाज नीट. मावशी म्हणाली, "दुकानवाला म्हणतोय पॅनल गेलं. नवाच घ्या म्हणतो. काय करू रे?" दुकानवाल्याने टीव्ही उघडलाही नव्हता, लांबूनच निकाल दिला होता.

त्याच महिन्यात शेजारच्या काकांच्या टीव्हीवर एक आडवी पांढरी रेष आली. केसाएवढी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकी चित्र स्वच्छ. काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच बसले होते. "रिबन हलली असेल, दाबून बसवली की झालं."

दोघांचेही अंदाज उलटे होते. दिसायला भयंकर होता तो मावशीचा टीव्ही एका रिबनवर सुटला. काकांच्या क्षुल्लक रेषेवर मात्र घरी करण्यासारखं काही नव्हतं. असं का, आणि तुमचा टीव्ही यातल्या कोणत्या जातीचा हे उघडण्याआधी कसं ओळखायचं, ते या लेखात आहे. एलईडी म्हणून विकले जाणारे टीव्ही, म्हणजे मागे दिव्यांच्या पट्ट्या आणि पुढे एलसीडी काच असलेले, एवढ्यांबद्दलच बोलतोय. ओएलईडीत मागचा दिवाच नसतो, त्यामुळे पुढची टॉर्चची परीक्षा त्याला लागू नाही.

आणखी एक गोष्ट आधीच. टीव्ही वॉरंटीत असेल तर मागचं झाकण काढू नका. बाहेरून करायच्या परीक्षा करा, फोटो काढा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवा.

उभी कड आणि आडवी रेष यांत फरक काय

पडदा म्हणजे उभ्याआडव्या तारांची जाळी आहे. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे ५७६० उभ्या तारा. आडव्या ओळी १०८०. आडव्या तारा एकेका ओळीला क्रमाने जागं करतात, आणि ती ओळ जागी असेपर्यंत उभ्या तारा तिच्यात रंगाची माहिती भरतात. मग पुढची ओळ. हे एका सेकंदात निदान ५०-६० वेळा, वरपासून खालपर्यंत.

उभ्या तारांना माहिती कुठून मिळते? पडद्याच्या खालच्या किंवा वरच्या कडेला दोन लांबट, बोटभर रुंदीचे बोर्ड असतात. त्यांना सोर्स बोर्ड म्हणतात. एक बोर्ड डाव्या अर्ध्याचा, एक उजव्या अर्ध्याचा. मधोमध टी-कॉन नावाचा छोटा बोर्ड असतो. मदरबोर्डकडून आलेलं चित्र तो दोन भागांत वाटतो आणि एकेका चपट्या रिबनने दोन्हीकडे पाठवतो. मावशीच्या टीव्हीतली कड बरोब्बर मधोमध का होती, त्याचं उत्तर इथेच आहे. ती या दोन बोर्डांमधली सीमा होती. बिघाड रिबनमध्ये असो, टी-कॉनमध्ये असो किंवा त्या बाजूच्या सोर्स बोर्डवर असो, दिसणार ते असंच. आणि यातल्या पहिल्या दोन गोष्टी काचेच्या बाहेर आहेत, बदलता येतात.

आडव्या तारांचं तसं नाही. त्यांना जागं करणारे गेट ड्रायव्हर काचेच्या डाव्या-उजव्या कडेला चिकटवलेले असतात. आजकालच्या बऱ्याच पॅनलमध्ये तर ते काचेवरच कोरलेले असतात. एकेका ओळीला वेगळी रिबन नसते. म्हणून एकच ओळ बिघडली असेल तर तो बिघाड काचेवर आहे किंवा काचेच्या अगदी कडेला आहे. टी-कॉनची रिबन सैल झाली तर अर्धा पडदा जाईल, रंग विस्कटतील, सगळं चित्र थरथरेल. १०८० ओळींतून नेमकी ३६०वी ओळ निवडून ती एकटीच बिघडवायची, हे सैल रिबनच्या हातात नाही.

एवढं एक लक्षात राहिलं तरी निम्मं निदान झालं.

उघडण्याआधी: चार परीक्षा, स्क्रू-ड्रायव्हरशिवाय

पहिली, मेनूची. रिमोटवरून सेटिंग्जचा मेनू उघडा. मेनू टीव्ही स्वतः बनवतो, केबल किंवा सेट-टॉप बॉक्सचा त्याच्याशी संबंध नाही. मेनूही कडेपाशी कापला जात असेल, किंवा रेष मेनूच्या अक्षरांवरून जात असेल, तर दोष टीव्हीच्या आत आहे. मेनू अखंड आणि फक्त कार्यक्रमावर रेष असेल तर बॉक्स बदलून बघा, एचडीएमआय केबल बदलून बघा, टीव्हीला हात लावू नका. काही टीव्हींच्या मेनूत चित्राची चाचणी करायची सोय असते. त्यातलं चित्र टीव्हीच्याच आतून येतं, तेही चालेल.

दुसरी, अंधाराची. खोलीतले दिवे घालवा आणि काळ्या भागाकडे निरखून बघा. काळा भाग किंचित राखाडी, उजळ दिसतोय का? म्हणजे मागचा दिवा लागलाय, काचेला माहिती मिळत नाही. तो भाग बंद टीव्हीसारखा ठार काळा असेल तर मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी जवळ, तिरका धरा. आत पुसटशी माणसं हलताना दिसली तर चित्र येतंय, त्या भागातले दिवे गेलेत. तो बॅकलाइटचा बिघाड. रिबनशी त्याचा संबंध नाही. बॅकलाइटच्या बिघाडाची कड सहसा मऊ, पसरट असते. रिबनच्या बिघाडाची कड धारदार असते. मावशीच्या टीव्हीत कड धारदार होती आणि काळ्या भागात मंद राखाडी झाक होती.

तिसरी, मोजमापाची. टेप घ्या आणि काळा भाग मोजा. बरोबर अर्धा आहे का? की पडद्याच्या रुंदीचा सहावा किंवा बारावा हिस्साच? सोर्स बोर्ड आणि काच यांच्यामध्ये बोटभर रुंद, पातळ, तपकिरी फिल्मचे तुकडे असतात. प्रत्येकावर एक चिप. दुरुस्तीवाले त्यांना सीओएफ म्हणतात. फुल एचडी पॅनलमध्ये असे साधारण सहा, फोर-के मध्ये बारा. एका तुकड्याएवढीच उभी पट्टी काळी किंवा पांढरी असेल तर संशय त्या सीओएफवर. रिबन नीट बसवून तिथे काही होणार नाही.

चौथी, काचेची. टीव्ही बंद करा आणि टॉर्च पडद्याला जवळजवळ समांतर धरून संपूर्ण काच बघा. आघात झालेल्या काचेवर एका बिंदूपासून फुटलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतात. टीव्ही चालू केला की त्याच बिंदूपासून काळी शाई सांडल्यासारखा डाग आणि रंगीत रेषांचा पंखा पसरतो. कधीकधी वरची पातळ फिल्म अखंड राहते आणि तडा फक्त आतल्या काचेला असतो. हाताला काही लागत नाही, तिरक्या उजेडातच दिसतो. असा तडा दिसला की दुरुस्तीची गोष्ट तिथेच थांबवा. तडा गेलेली काच कोणी सांधत नाही.

उघडताना

प्लग काढा. स्विच बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. मग पंधरा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या बोर्डवर मोठा, डब्यासारखा कॅपॅसिटर असतो. घरातली वीज २३० व्होल्टची असेल तिथे त्यावर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतो. तो बोर्ड ओळखायला सोपा आहे: भिंतीतून येणारी वायर ज्याला जोडलेली आहे तो. थांबल्यानंतरही त्याला हात लावायचा नाही. आपल्याला तिथे काही कामच नाही.

टीव्ही पालथा करायचा तर पलंगासारख्या मऊ, सपाट आणि पडद्यापेक्षा मोठ्या जागेवर. खाली रिमोट, चष्मा, चादरीची गाठ असं काही राहता कामा नये. मोठा टीव्ही दोघांनी उचला, चौकटीच्या खालून धरा. बोटं काचेवर दाबली जाऊ देऊ नका. सांगायला वाईट वाटतं, पण बऱ्या होऊ शकणाऱ्या टीव्हीचं पॅनल दुरुस्तीच्या नादातच फुटलं असंही मी पाहिलंय. माझ्याच हातून एकदा.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर टीव्हीचा आयत काढून स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवायची माझी सवय आहे. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या बोर्डपर्यंत पोचतो. झाकण निघालं की सर्वात आधी फोटो. प्रत्येक रिबन कोणत्या बाजूने, कशी वळून जाते हे दिसायला हवं.

आता मी केलेली चूक. समोरून उजवा अर्धा काळा होता, म्हणून मी मागून उजवीकडची रिबन काढून बसवली. काही फरक नाही. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. मग डोक्यात प्रकाश पडला: मागून बघताना डावं-उजवं उलट होतं. समोरची उजवी बाजू मागून डावीकडे असते. झाकण काढण्याआधीच बिघडलेल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.

टी-कॉन शोधायचा कसा? मदरबोर्ड म्हणजे एचडीएमआयची भोकं असलेला बोर्ड. तिथून एक रुंद रिबन किंवा वायरींचा जुडगा पडद्याच्या मधोमध असलेल्या छोट्या बोर्डकडे जातो, बहुधा पत्र्याच्या झाकणाखाली. तोच टी-कॉन. त्याच्यातून दोन रुंद रिबन पडद्याच्या कडेकडे जातात. बऱ्याच नव्या टीव्हींत टी-कॉन वेगळा नसतोच, ते काम मदरबोर्डवरच होतं आणि रिबन थेट तिथून निघतात. लहान टीव्हीत एकच सोर्स बोर्ड असू शकतो. तिथे अर्ध्या पडद्याचं कारण दोन रिबनच्या हिशेबाने शोधू नका.

रिबन काढणे, बघणे, बसवणे

इथे घाई करू नका. बिघडलेला टीव्ही जास्त बिघडतो तो याच पायरीवर.

रिबनच्या सॉकेटला खटका असतो. बहुतेक ठिकाणी तो काळी किंवा तपकिरी बारीक पट्टी असते, नखाने उचलली की दारासारखी उभी राहते. काही ठिकाणी खटका दोन्ही टोकांना धरून बाहेर सरकवायचा असतो. मदरबोर्डकडून येणाऱ्या रिबनला दोन बाजूंना दाबायची बटणं असतात. कोणता प्रकार आहे हे भिंगातून बघून मगच हात लावा. खटका न उघडता रिबन ओढली तर सॉकेटच्या पिना वाकतात. खटका तुटला तर रिबन दाबून धरणारं काही राहत नाही, आणि मग सॉकेटच बदलावं लागतं. रेडिएटर, पाण्याचा नळ असं जमिनीशी जोडलेलं काही धातूचं हाताशी असेल तर आधी त्याला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते.

खटका उघडण्याआधी रिबन सरळ बसली आहे का ते बघा. रिबनच्या टोकाजवळ आडवी पांढरी रेघ छापलेली असते, ती सॉकेटच्या कडेशी समांतर हवी. मावशीच्या टीव्हीत ती रेघ तिरकी होती. एक कोपरा आत, दुसरा जेमतेम एक मिलिमीटर बाहेर. पिनांमधलं अंतरच अर्धा मिलिमीटर असताना हा तिरकेपणा पुरेसा होतो. खटका मात्र बंदच होता, म्हणून वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. टीव्ही रोज तापतो, रोज थंड होतो. त्यातच मावशीने दिवाळीआधीच्या सफाईत तो भिंतीवरून काढून पुन्हा टांगला होता. कधीची तिरकी असलेली रिबन त्या हिसक्याने सरकली असावी.

रिबन बाहेर काढल्यावर पिनांवर काळपट, हिरवट डाग आहेत का ते बघा. जळाल्याचा ठिपका असेल तर तो शॉर्टचा पुरावा आहे, मग नुसतं पुसून पुढे जाऊ नका. साधा काळेपणा असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा. हट्टी डागावर पांढरा मऊ खोडरबर एक-दोनदा हलकेच फिरवा. जोरात घासलं तर पिनेवरचा मुलामा निघतो आणि ती आणखी लवकर काळी पडते. दहा मिनिटं वाळू द्या. घरगुती काच-क्लीनर किंवा पाणी इथे नको.

बसवताना रिबन सरळ, समान दाबाने आत सरकवा, पांढरी रेघ सॉकेटशी समांतर आहे हे बघा, मग खटका. एक पिन इकडची तिकडे झाली तर १२ व्होल्टची वीज माहितीच्या तारेत शिरू शकते. त्यात टी-कॉन जातो, कधी सोर्स बोर्डवरच्या चिपही जातात. डावी रिबन उजवीकडे लावून प्रयोग करायचा मोह होतो, तो टाळा. दोन्ही बाजूंच्या पिनांची मांडणी सारखीच असेल याची खात्री नसते.

चाचणी करताना टीव्ही उभा असतो, मागे उघडा असतो आणि वीज चालू असते. अशा वेळी मागून वाकून पुढे बघत बसू नका. समोर आरसा ठेवा. दुरुस्तीवाले असंच करतात, मागे उभं राहून पडदा आरशात बघतात. वीज चालू असताना कोणतीही रिबन काढायची-लावायची नाही. प्रत्येक वेळी प्लग काढा, थांबा, बदल करा, मग लावा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मावशीचा उजवा अर्धा पहिल्याच वेळी परत आला. तीन दिवसांनी पुन्हा गेला. या वेळी रिबन सरळच होती, पण मल्टिमीटरने एकेक तार टोकापासून टोकापर्यंत तपासली तेव्हा एका तारेवर बीप कधी येत होती, कधी नाही. टोकाच्या वळणावर ती आतून तुटली होती. नवी रिबन मागवताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: पिनांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, लांबी, आणि दोन्ही टोकांच्या पिना एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना. चौथी गोष्ट विसरून मागवलेली रिबन दिसायला हुबेहूब असते आणि लावली की उलटी जोडली जाते. आमची ६० पिनांची, अर्ध्या मिलिमीटर अंतराची, एकाच बाजूच्या पिनांची होती. ती बसवल्यावर टीव्ही पुन्हा गेला नाही.

रिबन ठीक, तरी अर्धा काळा

अशा वेळी एक सोपी परीक्षा उरते. प्लग काढून फक्त बिघडलेल्या बाजूची रिबन टी-कॉनपासून सोडवा आणि टीव्ही लावा. दुसरी बाजू आधीसारखीच स्वच्छ दिसली तर यातून काही ठरत नाही. टी-कॉनचा त्या बाजूचा मार्गही गेलेला असू शकतो आणि सोर्स बोर्डही. पण आधी पूर्ण पडदा काळा किंवा विस्कटलेला होता आणि एक रिबन सोडवल्याबरोबर उरलेला अर्धा जिवंत झाला, तर निदान झालं: सोडवलेल्या बाजूला शॉर्ट आहे आणि तो टी-कॉनचे सगळे व्होल्टेज खाली ओढत होता. टी-कॉन निर्दोष, पॅनल दोषी. काही पॅनलमध्ये एका बाजूची वीज दुसऱ्या बाजूच्या रिबनमधून जाते, तिथे कोणतीही एक रिबन काढली तरी पूर्ण पडदा जातो. म्हणजे ही परीक्षा 'हो' म्हणाली तर विश्वास ठेवा, 'नाही' म्हणाली तर ठेवू नका.

टी-कॉन बदलायचा ठरला तर टीव्हीचा मॉडेल क्रमांक पुरत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनल येतात. बोर्डवरचा क्रमांक आणि पॅनलच्या पाठीवरचं लेबल दोन्ही जुळवा. उदाहरणार्थ एलजी डिस्प्लेच्या टी-कॉनवर `6870C` ने सुरू होणारा छापील क्रमांक असतो आणि `6871L` ने सुरू होणारा स्टिकरवर. छापील क्रमांक तोच असूनही स्टिकर वेगळा असू शकतो, कारण तोच बोर्ड वेगवेगळ्या आकाराच्या पडद्यांसाठी वेगवेगळा भरलेला असतो. फक्त छापील क्रमांक बघून घेतलेला बोर्ड लावला की चित्र उलटं किंवा विचित्र रंगाचं येऊ शकतं.

आणि एक कारण, ज्याचा कोणाला संशय येत नाही: पुसणं. बऱ्याच टीव्हींत सोर्स बोर्ड आणि सीओएफ खालच्या कडेला असतात. पडद्यावर थेट स्प्रे मारला किंवा ओल्या फडक्याने पुसलं की थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतो आणि थेट सीओएफच्या जोडावर बसतो. टीव्ही चालू असताना तिथे वीज असते, मग गंज झपाट्याने चढतो. आठवड्याभराने उभी पट्टी किंवा अर्धा पडदा जातो, आणि तोवर पुसल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. सोर्स बोर्डच्या कडेला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर हेच झालंय. फडकं कोरडं किंवा जेमतेम दमट, आणि तेही टीव्ही बंद असताना.

काकांची रेष

काकांना स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायला लावला आणि आधी रेष मोजली. वरच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश उंचीवर, जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३.५ सेंटिमीटर, तिला १०८० ने भागलं की अर्धा मिलिमीटरच येतो. म्हणजे अगदी एकच ओळ. मेनू उघडल्यावर रेष मेनूवरूनही गेली. चॅनल बदलला, रेष जागची हलली नाही. कारण उघड होतं: त्या ओळीची आडवी तार किंवा तिला जागं करणारा गेटचा भाग काचेवर बिघडलाय. ओळीला योग्य वेळी योग्य व्होल्टेज मिळत नाही, आणि ती भलत्याच उजेडात अडकून राहते.

एक शेवटची गोष्ट तेवढी करून बघितली. रेषेच्या उंचीवर, चौकटीच्या डाव्या आणि मग उजव्या कडेवर बोटाने हलका दाब दिला. काचेवर नाही, चौकटीवर. रेष क्षणभर गेली किंवा लुकलुकली तर बिघाड कडेच्या चिकटवलेल्या जोडात असण्याची शक्यता वाढते. काकांची रेष ढिम्म. चौकटीत कागदाच्या घड्या खुपसून अशा रेषा घालवतात, पण तो इलाज काही दिवसांचा असतो आणि जरा दाब जास्त झाला की काच तडकते.

आडवी रेष एकटी नसून तिच्या खालचं सगळं चित्र गेलंय किंवा ओघळल्यासारखं ताणलंय, असंही होतं. त्यामागे गेट ड्रायव्हरची साखळी आहे. विहिरीपासून आगीपर्यंत माणसं बादल्या हातोहात देतात तसा प्रत्येक टप्पा पुढच्याला इशारा देतो. मधला एक पडला की त्याच्यापुढे सगळं कोरडं. काही पॅनलमध्ये या साखळ्या डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन असतात. त्यातली एक शॉर्ट झाली असेल तर अनुभवी दुरुस्तीवाला टी-कॉनच्या रिबनवर त्या बाजूच्या नेमक्या पिनांवर उष्णतारोधक टेप लावून ती बाजू बंद करतो, आणि उरलेली साखळी एकटीच पूर्ण पडदा चालवते. कधी महिने टिकतं, कधी आठवडा. पण त्या पॅनलचा पिनांचा तक्ता समोर नसेल तर नवख्याने या वाटेला जाऊ नये.

कशावर किती खर्च करायचा

माझा हिशेब असा आहे. त्याच आकाराच्या साध्या नव्या टीव्हीची किंमत आधी काढा, आपण घेतलेल्या वेळची नाही. रिबन बदलणं हा त्या किमतीचा नगण्य भाग असतो, टी-कॉन थोडासा जास्त. दोन्हींवर खर्च करायला हरकत नाही, टीव्ही पाच-सहा वर्षांचा असला तरी. पॅनल म्हणजे टीव्हीतला सर्वात महाग भाग. नवं पॅनल, ते आणण्याचा धोका आणि मजुरी मिळून आकडा नव्या टीव्हीच्या जवळ किंवा वरच जातो. काच फुटली असेल तर म्हणूनच दुरुस्तीचा विचार सोडा.

अवघड आहे ते मधलं: सीओएफचं बाँडिंग. हे सोल्डरिंगने होत नाही. फिल्म आणि काच यांच्यामध्ये विजेला फक्त उभ्या दिशेने वाट देणारा चिकट थर असतो आणि यंत्राने ठरावीक उष्णता व दाब देऊन तो बसवावा लागतो. हॉट एअर गनने गरम करून दाबणारे भेटतात. त्यांची दुरुस्ती तुम्ही टीव्ही घरी नेईपर्यंत टिकते. बाँडिंगचं यंत्र खरोखर असेल तरी काम करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: काम करताना पॅनल गेलं तर जबाबदारी कोणाची, आणि तीच पट्टी पुन्हा आली तर किती दिवस फुकट बघून देणार? उत्तर गुळमुळीत आलं तर निघा. टीव्ही मोठा आणि महागाचा असेल तरच मी यावर पैसे घालीन, ४३ इंचीवर नाही.

काकांना मी सांगितलं, काही करू नका. १०८० ओळींतली एक ओळ गेली आहे. ती दोन वर्षं एकटी राहील किंवा पुढच्या महिन्यात शेजारी दुसरी येईल, दोन्ही शक्य आहे. दुसरी आली तरी खर्च तोच, शून्य.

फुटलेल्या पॅनलचा टीव्ही भंगारात फुकट देऊ नका. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, टी-कॉन, रिमोट आणि स्टँड यांना त्याच मॉडेलचा टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे मागणी असते, कारण त्यांचं पॅनल चांगलं आणि बोर्ड गेलेला असतो. बोर्ड उकलून विकायचे असतील तर टीव्ही फुटलेला असला तरी बोर्ड चालू असल्याचा पुरावा हवा: टीव्ही लावून, तडकलेल्या पडद्यावर मेनूचा जो तुकडा दिसेल त्याचा फोटो, आणि पाठीवरच्या लेबलाचा फोटो. हे दोन फोटो झाकण काढण्याआधी काढून ठेवा.